सुस्वागतम्, पण जिना कुठे?

मराठीत कादंबरीची समीक्षा होते, कवितेची होते, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचीसुद्धा होते. परंतु नोकरीवर पहिल्या दिवशी बोलावणाऱ्या पत्राची समीक्षा कुणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. वास्तविक त्याच्याइतक्या उत्कंठेने वाचला जाणारा दुसरा वाङ्मयप्रकार नाही. कादंबरी कंटाळवाणी निघाली तर मनुष्य झोपी जातो. हे पत्र चुकीचे निघाले तर तो चुकीच्या इमारतीत जातो.

माझा या प्रकाराशी संबंध जुना आहे. तहसिलीत अव्वल कारकून म्हणून मी असे शेकडो आदेश लिहिले. 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण दिनांक अमुक रोजी मध्यान्हपूर्व रुजू व्हावे, अन्यथा आपणांस सदर पदाची आवश्यकता नाही असे गृहीत धरण्यात येईल.' यात स्वागत नव्हते, धमकी होती. पण धमकी तारखेनिशी आणि जागेनिशी होती. माणूस घाबरायचा, मात्र हुकायचा नाही. आणि आल्यावर उरलेले सगळे आमचा शिपाई सांगे. पाण्याचा माठ कुठे आहे, कोणत्या खुर्चीचा पाय मोडका आहे, साहेब अकराच्या आधी का बोलत नाहीत. आदेशात नसलेला सारा मजकूर त्या शिपायाच्या तोंडी होता. हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही, कारण मी अव्वल कारकून होतो.

माझी समीक्षक म्हणून कारकीर्द सुरू झाली ती ७ जून २०२४ च्या शुक्रवारी, संध्याकाळी पावणेसातला. माझी पुतणी मोबाईल हातात धरून धावत आली. पुण्याच्या एका कंपनीत तिला नोकरी लागली होती. कंपनीचे नाव मी सांगणार नाही. पोरीला अजून तिथे पगार मिळतो.

"काका, मेल आली! वाचा ना. मला काही समजून नाही राहिलं."

चष्मा लावला आणि वाचू लागलो. पत्र इंग्रजीत होते. विषयाच्या ओळीत 'वेलकम अबोर्ड' होते आणि त्यापुढे तीन उद्गारचिन्हे. मग संचालकांचे निवेदन: आम्ही एक कुटुंब आहोत, आमचा प्रवास रोमांचक आहे, तुमच्यासारख्या प्रतिभावंताला सामील करून घेताना आम्हाला अतीव आनंद होत आहे. हा आनंद दोन परिच्छेद टिकला. तिसऱ्यात कंपनीची मूल्ये होती, पाच. चौथ्यात 'खालील बाबींची पूर्तता लवकरात लवकर करावी' म्हणून चौदा कलमे. त्यानंतर एका दुव्यावर टिचकी मारून पहिल्या आठवड्याचा कार्यक्रम पाहावा अशी सूचना. मग सोबत जोडलेली चौऱ्याऐंशी पानांची पुस्तिका. शंका असल्यास एका बाईंशी संपर्क साधावा, त्यांचा ईमेलचा पत्ता. शेवटी अगदी बारीक अक्षरांत कंपनीचा पत्ता, शिवाजीनगर, पुणे.

"पोरी, सोमवारी किती वाजता जायचं?" मी विचारले.

आम्ही दोघांनी पुन्हा शोधले. तारीख होती. वेळ नव्हती. वाचकहो, संचालकांचा आनंद दोन परिच्छेद होता आणि वेळ नव्हती!

दुव्यावर टिचकी मारली, तर कंपनीचे नाव आणि पासवर्ड मागितला. पासवर्ड कधी मिळणार? चौदा कलमांपैकी अकरावे म्हणत होते, पहिल्या दिवशी. म्हणजे पहिल्या दिवशी काय करायचे हे पहिला दिवस उलटल्यावर कळणार. संपर्काच्या बाईंना लिहिले, तर लगेच उत्तर आले की हा पत्ता आता वापरात नाही. बाई नोकरी सोडून गेल्या होत्या, पत्रातून त्यांना कुणी काढले नव्हते. कलम सहामध्ये भविष्यनिर्वाह निधीचा नंबर, ज्याला युएएन म्हणतात, तो भरणे अनिवार्य होते. आता हा नंबर पहिल्या नोकरीच्या निमित्तानेच जन्माला येतो. जिची ही पहिलीच नोकरी, तिच्याकडे तो असावा कसा? पण पोरगी रडवेली झाली. तिला वाटले, सगळ्यांकडे असतो, आपल्याकडेच नाही. कलम नऊमध्ये रद्द केलेला चेक हवा होता. तिच्या खात्याला चेकबुकच नव्हते आणि शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला आमच्या गावातली बँक चेकबुक देत नाही, ती तेव्हा कुलूप देते.

दुसरबीडहून पुण्याला जायचे म्हणजे सिंदखेडराजा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर असा रात्रभराचा धक्के खात प्रवास. त्यातून आमच्या गावाचे नाव असे की अर्ध्या महाराष्ट्राला ते बीड जिल्ह्यातले दुसरे गाव वाटते. तिच्या फॉर्मवरही कुणीतरी 'मूळ जिल्हा: बीड' असे छापून टाकले होते. ती रविवारी रात्री निघाली, सोमवारी पहाटे उतरली आणि पत्राच्या तळाशी असलेल्या पत्त्यावर सव्वानऊला हजर झाली. तिथे दोन खोल्या होत्या आणि एक वॉचमन. त्याने सांगितले की हे नुसते नोंदणीचे कार्यालय आहे, माणसे बसतात ती हिंजवडीला, फेज तीनमध्ये. सोमवारी सकाळी शिवाजीनगरहून हिंजवडी गाठणे म्हणजे काय, ते पुणेकरांना विचारा. ती साडेअकराला पोचली. फाटकावर तिचे नाव नव्हते. दीड वाजता तिला आत घेतले. लॅपटॉप बुधवारी मिळाला. जेवायला कुठे जायचे हे विचारायची लाज वाटली म्हणून तिने पहिले दोन दिवस पिशवीतल्या दशम्यांवर काढले.

मंगळवारी रात्री फोन आला. "काका, मी परत येऊ का? त्यांना मी नको आहे बहुतेक."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. ज्या पत्राने तिला प्रतिभावंत म्हटले होते, त्याच पत्राने दोन दिवसांत तिला असे वाटायला लावले. कुणी वाईट वागले नव्हते. वॉचमन तर फार भला माणूस होता. त्याने रिक्षा करून दिली.

ती राहिली. त्या दिवाळीत घरी आली ती वेगळाच प्रश्न घेऊन. कंपनीत कुणाला तरी तिची हकीकत कळली होती आणि जानेवारीत येणाऱ्या नव्या मुलांसाठी ते पत्र तिनेच नव्याने लिहावे असे ठरले होते. तक्रार करणाऱ्याला काम देणे ही पद्धत तहसिलीतही आहे. तिथे ती तक्रार बंद करण्यासाठी वापरतात. पोरीने मसुदा करून आणला होता.

मसुदा वाचला. तो जुन्या पत्रापेक्षा लांब होता! तिला जे जे कळले नव्हते ते सारे तिने घातले होते: रजेचे नियम, कॅन्टीनचे दर, बसचे मार्ग, आठ जणांचे फोन नंबर. मी म्हटले, "बाई, ही चौऱ्याऐंशी पानांची पुस्तिकाच तू एका पानात कोंबलीस."

ती चिडली. "मंग काय कमी करू? हे सगळंच लागते."

"लागते, पण कधी?"

इथे आमचे खरे भांडण झाले, आणि मला वाटते की या सगळ्या लेखनप्रकाराची किल्ली त्या भांडणात होती. नव्या माणसाला पन्नास गोष्टी लागतात हे खरे, परंतु त्या एका रांगेत उभ्या राहून लागतात. गावात उतरल्यावर त्याचा प्रश्न 'कुठे आणि किती वाजता' हा असतो. फाटकावर 'कुणाचे नाव सांगू' हा असतो. खुर्चीवर बसल्यावर 'आता काय करू' आणि त्याच्या पाठोपाठ, जो तो कधीच विचारत नाही तो, 'माझ्याकडून अपेक्षा काय, आणि मी मूर्ख दिसतो आहे का'. रजेचे नियम या रांगेत पार मागे, दुसऱ्या आठवड्यात उभे आहेत. जुने पत्र कंपनीच्या क्रमाने लिहिलेले होते: आधी संचालक, मग मूल्ये, मग विभागवार कलमे, आणि पत्ता तळाशी, कारण कायद्याने तो कुठेतरी छापावा लागतो. पुतणीचा मसुदा तिच्या रागाच्या क्रमाने होता. पत्र लिहायचे ते येणाऱ्याच्या पावलांच्या क्रमाने.

मग आम्ही बसलो. चिवड्याची परात मध्ये होती. पहिली गोष्ट, एका पत्राची दोन केली. कागदपत्रांची यादी पंधरा दिवस आधी जावी, म्हणजे गावाकडच्या पोराला बँकेत जायला कामाचे दिवस मिळतील. दुसरे पत्र आधीच्या बुधवारी, आणि त्यात फक्त पहिला आठवडा. शुक्रवारी संध्याकाळी काहीही पाठवायचे नाही. शंका विचारली तर उत्तर द्यायला कुणी जाग्यावर नसते. पासवर्डाआडचा एकही दुवा नको. आणि आठ फोन नंबरांचे तीन करायचे. प्रत्येक नंबराला त्याचा प्रश्न बांधायचा, कारण 'शंका असल्यास संपर्क साधा' यात नवा माणूस आधी याच शंकेत पडतो की ही शंका साधण्याजोगी आहे का.

मूळ इंग्रजीत आहे. मी मराठीत देतो. नावे आणि नंबर गाळतो.

विषय: सोमवार ६ जानेवारी, सकाळी १० वाजता: कुठे यायचे आणि काय आणायचे

"नमस्कार. सोमवारी सकाळी १० वाजता आपल्या हिंजवडी फेज ३ च्या कार्यालयात या. या पत्राखाली शिवाजीनगरचा पत्ता दिसेल. तो नोंदणीचा आहे, तिथे जाऊ नका. फाटकावर तुमचे नाव दिलेले आहे. आधार कार्ड दाखवून तिसऱ्या मजल्यावर या, मी तिथे थांबलेली असेन. वाट चुकली किंवा उशीर झाला तर खालच्या नंबरावर फोन करा. सकाळी ८ पासून मी तो उचलते. उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

"गेल्या पत्रातल्या कागदांच्या मूळ प्रती आणा. रद्द केलेला चेक नसेल तर पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत चालेल. ही तुमची पहिली नोकरी असेल तर युएएनचा रकाना रिकामा ठेवा; तो नंबर तुमच्याकडे नसणारच.

"सोमवारी कागदपत्रे आणि ओळखी होतील. दुपारी १ वाजता आपण सगळे एकत्र जेवू. डबा आणू नका. मंगळवारी आणि बुधवारी तुम्ही तुमच्या सोबत्याशेजारी बसून काम कसे चालते ते पाहाल. लॅपटॉप बुधवारी संध्याकाळपर्यंत मिळतो. गुरुवारी एक छोटे काम हाती येईल. शुक्रवारी ४ वाजता तुमचे वरिष्ठ तुमच्याबरोबर अर्धा तास बसतील. त्या वेळी ते काम पुरे झालेले असावे असे नाही. तुम्हाला न समजलेल्या गोष्टींची यादी मात्र सोबत आणा. या आठवड्यात तुमच्याकडून अपेक्षा आहे ती त्या यादीची.

"कागदपत्रांबद्दल मला विचारा. लॅपटॉप आणि पासवर्डाबद्दल मदत कक्षाला. बाकी सगळे, आणि 'हे विचारावे की नाही' असे वाटेल तेसुद्धा, तुमच्या सोबत्याला. तो मागच्या वर्षी तुमच्याच जागी होता."

समीक्षक म्हणून या मजकुरातली तीन स्थळे मला दाखवायची आहेत. एक, लॅपटॉपचे वाक्य. पुतणीने आधी लिहिले होते, 'लॅपटॉप पहिल्या दिवशी मिळेल.' मी विचारले, मिळतो का? म्हणाली, "मिळायला पाहिजे." पाहिजे आणि मिळतो यांच्यात बुधवारपर्यंतचे अंतर आहे. तिने त्या विभागाला फोन करून विचारले, आणि खरे उत्तर पत्रात घातले. सोमवारी येईल म्हणून सांगितलेला लॅपटॉप बुधवारी आला तर मुलगा दोन दिवस स्वतःला अवांछित समजतो. बुधवारी सांगून बुधवारी आला तर तो निवांत शेजारी बसून बघतो. लॅपटॉप तोच, बुधवारही तोच.

दुसरे स्थळ 'डबा आणू नका'. यावर तिच्या वरिष्ठांनी आक्षेप घेतला की हे धंदेवाईक पत्रात शोभत नाही. त्यांना 'आम्ही एक कुटुंब आहोत' शोभत होते. पण कुटुंबात जेवायचे विचारतात, कुटुंब असल्याचे जाहीर करत नाहीत. पुतणी हटली नाही. दशम्यांचे ते दोन दिवस तिच्या हट्टामागे उभे होते. शेवटी तडजोड अशी झाली की वाक्य राहिले आणि संचालकांचा आनंद पत्रातून निघून सोमवारच्या भेटीत गेला. तिथे तो दोन मिनिटांत संपतो, असे कळते.

तिसरे स्थळ सोबत्याचे. येथे मी हरलो हे कबूल करतो. माझे म्हणणे, नाव कशाला, नाव बदलते. जुन्या बाईंचे काय झाले पाहिलेस ना? 'मदत कक्ष' सारखे पदाचे नाव लिही. तिचे म्हणणे, मदत कक्षाला कुणी 'बाथरूम कुठे आहे' असे विचारत नाही. खरे आहे. मी तरी तहसीलदारांच्या कार्यालयाला माठ कुठे ते विचारले नव्हते, शिपायालाच विचारले होते. म्हणून कक्षाला पद आणि सोबत्याला नाव असे ठरले. जुन्या बाईंसारखे होऊ नये म्हणून पत्र पाठवणाऱ्याने दर वेळी आदल्या दिवशी तिन्ही नंबर स्वतः लावून पाहायचे. याला पाच मिनिटे लागतात, आणि हीच पाच मिनिटे सगळ्यांत आधी वगळली जातात.

मसुदा तयार झाल्यावर मी तो तपासून घेतला. माझ्याकडून नव्हे, मी आता त्यात मुरलो होतो. आमच्या सौ.ना बोलावले. पुतणीने पत्र मराठीत एकदाच वाचून दाखवले, मोबाईल पालथा ठेवला आणि विचारले: "काकू, सोमवारी किती वाजता, कुठं, कुणाला भेटायचं, काय न्यायचं?" सौ.नी पहिली तीन उत्तरे बरोबर दिली. चौथ्याला म्हणाल्या, "कागद न्यायचे. पण जेवण झाल्यावर निघून यायचं का?" आम्ही दोघे चाट पडलो. सोमवार किती वाजता सुटतो हे आम्ही लिहिलेच नव्हते! ज्याला त्या रात्री खोली शोधायची आहे त्याला ते सगळ्यांत आधी हवे असते. 'सोमवारी ५ वाजता मोकळे व्हाल' हे वाक्य सौ.चे आहे.

एवढे करूनही पत्राला मर्यादा आहे. 'फाटकावर तुमचे नाव दिलेले आहे' असे लिहिले, पण नाव द्यायला कुणीतरी फाटकावर जावे लागते. शुक्रवारी ४ वाजता वरिष्ठ भेटतील असे लिहिले. वरिष्ठांना कुणी सांगितले? गूगलमध्ये मनुष्यबळ विभागाचे प्रमुख असलेले लास्झ्लो बॉक यांनी २०१५ साली 'वर्क रूल्स!' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी सांगितले आहे की नवा माणूस सोमवारी येणार असेल तर आदल्या रविवारी एक छोटी ईमेल त्याला नव्हे, त्याच्या वरिष्ठाला जाई. त्यात पाच कामे असत: त्याचे काम काय ते त्याच्याशी बोला, त्याला एक सोबती द्या, त्याच्या ओळखी करून द्या, पहिले सहा महिने दर महिन्याला एकदा विचारपूस करा आणि तो मोकळेपणाने बोलेल असे पाहा. ज्या वरिष्ठांनी हे केले त्यांची माणसे इतरांपेक्षा एक महिना आधी पुरती कामाला लागली, असा त्यांचा अनुभव. पाचही कामे कुणालाही सुचतील अशी आहेत. पण सुचणे आणि रविवारी आठवणे वेगळे. मला हे वाचून मौज वाटली. म्हणजे स्वागताचे पत्र लिहिताना अर्धे पत्र भलत्याच पत्त्यावर टाकायचे असते! पुतणीने तसेच एक चार ओळींचे पत्र वरिष्ठांसाठी आणि दोन ओळींचे फाटकासाठी केले. फाटकाच्या पत्राला त्या वॉचमन वर्गाबद्दलच्या कृतज्ञतेपोटी तिने 'आदरणीय' असा मायना घातला. तो मात्र मी काढला नाही.

६ जानेवारी २०२५ ला अकरा जण रुजू झाले. संध्याकाळी पुतणीचा फोन आला. दहाही मुले दहाच्या आत हजर होती. अकरावा लोणारकडचा होता, आमच्याच जिल्ह्यातला, आणि तो सव्वादहापर्यंत आला नाही. तिने घाबरून त्याला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"खालीच उभा आहे, मॅडम. तिसरा मजला म्हणून लिहिलं ना तुम्ही, पण जिना कुठं आहे?"

लिफ्ट आहे तिथे. पत्र लिहिताना ना तिला ते सुचले, ना मला. मी सौ.कडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मला तुम्ही इमारत कुठं दाखवली होती?"